चिमणी ओढते, पण हवा येते कुठून?

ताई, नमस्कार. ठाण्यात सातव्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. स्वयंपाकघर 8 बाय 10, त्याची खिडकी पश्चिमेला, हॉलची बाल्कनी पूर्वेला. दिवाळीआधी ओटा नवा केला, तीन बर्नरची शेगडी आणि 60 सेंटिमीटरची चिमणी घेतली. खोक्यावर 1200 लिहिलंय. तरी फोडणीचा ठसका बेडरूमपर्यंत जातो आणि बोंबील तळले की दुसऱ्या दिवशीही पडद्यांना वास असतो. धूळ नको म्हणून खिडक्या बंद ठेवतो, स्वयंपाकघराचं दारही ओढून घेतो. चिमणीचा पाइप लॉफ्टमधून फिरवून खिडकीच्या वरच्या तावदानातून काढलाय, शेजारच्याच तावदानात एक्झॉस्ट आहे. चिमणी लावली की बाथरूममधून मोरीचा वास येतो. तिथं गॅस गिझर आहे, पण त्याचा काही संबंध नसावा. ह्यांचं डोकं आपटतं म्हणून चिमणी शेगडीपासून तीन फूट वर बसवली. दुकानदार म्हणतो 1500 ची घ्या. सासूबाई म्हणतात, डोंबिवलीच्या जुन्या घरात नुसती खिडकी होती तरी एवढा वास नव्हता. घ्यावी का मोठी चिमणी?
एक वाचक, ठाणे

नमस्कार,

चिमणी बदलू नका, निदान आत्ता तरी. आणि हे पत्र वाचून संपेपर्यंत एक गोष्ट पाळा: बाथरूममधला गॅस गिझर चालू असताना चिमणी लावू नका. त्याचा संबंध आहे, आणि वासापेक्षा तो फार मोठा आहे. त्याच्याकडे येतेच.

आधी मोरीच्या वासाचं बघू, कारण तुमच्या घरात काय बिघडलंय ते त्या वासानं आधीच सांगितलं आहे. तुमचं स्वयंपाकघर 8 बाय 10 आणि छत साधारण साडेनऊ फुटांवर धरलं, तर आत 760 घनफूट, म्हणजे जेमतेम साडेएकवीस घनमीटर हवा मावते. खोक्यावरचा 1200 हा आकडा ताशी घनमीटरचा. तो पाइप न जोडता, मोकळ्या तोंडानं मोजलेला असतो. पाइप, वळणं, जाळी यांतून तो निम्म्यावर आला असं समजू. तरीही मिनिटाला 10 घनमीटर हवा बाहेर जायला हवी, म्हणजे दोन मिनिटांत खोलीतली सगळी हवा बदलायला हवी. आता खिडक्या बंद, दार ओढलेलं. बाहेर गेलेल्या हवेच्या जागी यायला हवा आहे कुठे? जितकी आत येईल तितकीच चिमणी बाहेर टाकू शकते, त्याहून एक कणही जास्त नाही. मग ती जिथं फट मिळेल तिथून ओढते: दाराखालून, खिडकीच्या पट्टीतून आणि तुमच्या बाबतीत बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून. त्या ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी साठलेलं असतं आणि तेवढंच पाणी ड्रेनेजचा वास अडवून धरतं. उन्हाळ्यात कमी वापरल्या जाणाऱ्या बाथरूममधलं हे पाणी वाळून कमी होतं आणि चिमणी त्यातून हवा खेचते. म्हणजे तुमची चिमणी अशक्त नाही. ती हवेवाचून तडफडते आहे.

हे माझ्या शब्दावर मानू नका, पाहून घ्या. एक उदबत्ती लावा. नेहमीसारखं सगळं बंद करा, चिमणी मोठ्या वेगावर लावा आणि उदबत्ती स्वयंपाकघराच्या दाराखालच्या फटीशी धरा. धूर आत जोरात सुटेल. बाथरूमच्या दाराशी धरा, तिथूनही धूर बाहेरच्या दिशेनं सरकताना दिसेल. मग हॉलच्या बाल्कनीचं दार वीतभर उघडा, स्वयंपाकघराचंही उघडा आणि चिमणीचा आवाज ऐका. हवा मिळाली की आवाज बदलतो, चिरका असतो तो जरा जड होतो. ओढून घेतलेलं दार उघडायला जड जातं का, हेही बघा. तीही तीच खूण.

दुकानात जाळीला पेपर नॅपकिन चिकटवून दाखवतात, त्यावरून काही ठरवू नका. नॅपकिन चिकटायला थोडासा दाब पुरतो. पाइप निम्मा बुजलेला असला तरी तो चिकटून राहतो. खरी परीक्षा वाफेची. पुढच्या बर्नरवर रुंद पातेल्यात पाणी खळखळ उकळा आणि चिमणीच्या पुढच्या ओठाकडे बाजूनं बघा. वाफ ओठाच्या आत वळली तर ठीक. ओठावरून घसरून वर छताकडे गेली, तर तुमच्या फोडणीचा ठसकाही तसाच जातोय.

हवा आत यायला किती जागा हवी, याचा हिशोब सोपा आहे. हवा सेकंदाला एक मीटर वेगानं आत आली तर अंगाला झुळूक जाणवते पण त्रास होत नाही. त्या वेगानं ताशी 600 घनमीटर यायला सुमारे पावणेदोन चौरस फूट जागा लागते. चार फूट उंचीची सरकती खिडकी सहा इंच उघडली की दोन चौरस फूट होतात. बस, एवढंच. मच्छरजाळी असेल तर फूटभर उघडा, कारण जाळी बरीच हवा अडवते, आणि धुळीनं भरलेली जाळी तर आणखी अडवते.

पण कोणती खिडकी? इथं बहुतेक घरं चुकतात, आणि सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे.

स्वयंपाकघरातला वास खिडकीतून बाहेर जातो असं आपण धरून चालतो. खिडकी तशी काही ठरवत नाही, वारा ठरवतो. ठाण्यात दुपारनंतर वारा खाडी-समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि पावसाळ्यात नैऋत्येकडून. तुमची खिडकी पश्चिमेला. दुपारी चार वाजता ती उघडलीत तर वारा तिच्यातून आत घुसेल, शेगडीवरून जाईल, वास उचलेल आणि हॉलमधून बाल्कनीकडे निघेल. वाटेत पडदे, सोफा, बेडरूम. म्हणजे खिडकी उघडून तुम्ही वास सगळ्या घरात वाटाल. डोंबिवलीच्या घरात नुसत्या खिडकीवर भागत होतं, त्याचं कारण मला वाटतं असं असावं: पुढचं दार दिवसभर उघडं, स्वयंपाकघर मागच्या अंगाला. वारा दारातून येई आणि मागच्या खिडकीतून वास घेऊन जाई. चुलीवर किंवा स्टोव्हवर केलेला स्वयंपाकही त्या एका वाटेनं बाहेर पडे. सासूबाईंची आठवण बरोबर आहे. त्यांना वाऱ्याची वाट मिळाली होती, तुम्हाला मिळालेली नाही.

म्हणून तुमच्या घरात स्वच्छ हवा पूर्वेकडून, हॉलच्या बाल्कनीतून यायला हवी आणि ती पश्चिमेच्या चिमणीतून बाहेर जायला हवी. मधे शेगडी आणि तुम्ही. यासाठी स्वयंपाकघराचं दार तळणाच्या वेळी उघडं ठेवायचं. हे ऐकायला उलटं वाटतं, मला ठाऊक आहे. दार उघडलं तर वास हॉलमध्ये नाही का जाणार? चिमणी ओढते आहे, हवा हॉलमधून आत येते आहे, तेव्हा वास त्या प्रवाहाच्या विरुद्ध पोहून बाहेर येत नाही. दारात उदबत्ती धरा, धूर आत जाताना दिसला की निश्चिंत व्हा. फक्त दोन गोष्टी हा प्रवाह मोडतात. एक, हॉलचा पंखा. तो दाराजवळ असेल तर तळणापुरता बंद किंवा हळू करा. दुसरी, स्वयंपाकघरातली ती पश्चिमेची खिडकी. शेगडी तिच्यापासून दोन-अडीच फुटांच्या आत असेल तर ती बंदच हवी. आडवा वारा कढईतून वर निघालेला धूर चिमणीपर्यंत पोहोचायच्या आत वाकवून नेतो. ज्योत थरथरते आहे असं दिसलं तर धूरही तसाच ढकलला जातोय असं समजा.

सकाळी, विशेषतः थंडीत, वारा पडलेला असतो किंवा पूर्वेकडून येतो. तेव्हा पश्चिमेची खिडकी उघडली तरी चालेल, तेव्हा ती खरोखरच वास बाहेर नेईल. ऋतू आणि वेळ लक्षात ठेवत बसू नका. खिडकीशी उदबत्ती धरली की कोणत्या बाजूनं वाहतंय ते अर्ध्या मिनिटात कळतं. आठवडाभर असं केलंत की तुमच्या घराचा वारा तुम्हाला पाठ होईल.

आता गिझर. गॅस गिझरच्या आत ज्योत जळते आणि तिचा धूर नुसत्या गरमपणामुळे वर चढून बाहेर जातो. त्याला ढकलणारा पंखा बहुतेक घरगुती गिझरमध्ये नसतो. पुष्कळ ठिकाणी तर पाइपही बाहेर काढलेला नसतो, वरच्या झरोक्यावर भिस्त असते. बंद घरात चिमणी हवा ओढू लागली की हा धूर वर जायच्या ऐवजी उलटा घरात येतो आणि बाथरूममधला ऑक्सिजन कमी झाला की ज्योत अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार करते. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळीला गेलेलं माणूस चक्कर येऊन पडतं ते यानं, आणि दार आतून बंद असतं. दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतात. तुमच्या बाथरूममधून चिमणी हवा ओढते आहे हे मोरीच्या वासानं सिद्धच झालं आहे, त्यामुळे हे तुमच्या घरात घडू शकतं. घरात सगळ्यांना सांगा: कुणी आंघोळीला गेलं की चिमणी आणि एक्झॉस्ट बंद. बाथरूमचा वरचा झरोका कायम उघडा, त्याला प्लास्टिक किंवा पुठ्ठा लावला असेल तर आजच काढा. आणि जमेल तेव्हा गिझर विजेचा करा किंवा गॅसचा बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेच्या ड्राय बाल्कनीत, बाहेर पाइप काढून बसवा. नव्या चिमणीचे पैसे बाजूला ठेवले असतील तर ते आधी इथं खर्च करा.

आता त्या खिडकीच्या दोन तावदानांकडे येऊ. एकातून चिमणीचा पाइप, शेजारी एक्झॉस्ट. म्हणजे धूर बाहेर पडतो त्याच्या हातभर अंतरावर तुमच्या भिंतीला नऊ इंचांचं भोक आहे. एक्झॉस्ट बंद असताना ते भोक उघडंच असतं. आत चिमणी हवा ओढते, बाहेर ताजा धूर ओठांशी आलेला, तो त्या भोकातून परत आत येतो. दुपारचा पश्चिमेचा वारा त्याला मदतच करतो. चिमणी तोच धूर पुन्हा ओढते, पुन्हा टाकते, आणि तुम्हाला वाटतं चिमणी काम करत नाही. हे पाहायला एक्झॉस्ट बंद ठेवून त्याच्या पात्यांशी उदबत्ती धरा. धूर आत येताना दिसेल.

पंखा चालू ठेवला तर भागेल का? नाही. खिडकीतला साधा पंखा भरपूर हवा हलवतो, पण त्याला दाब फारसा निर्माण करता येत नाही. चिमणीचा फॅन बंद खोलीत त्याच्यावर मात करतो आणि पंखा फिरत असतानाही त्याच्या कडांमधून हवा उलटी येऊ शकते. शिवाय दोन्ही एकत्र लावले की आत यायला हवाही तितकी जास्त लागते, आणि तुमच्याकडे ती आधीच अपुरी आहे. म्हणून दोघांना वेगवेगळी वेळ द्या. फोडणी आणि तळणाच्या वेळी फक्त चिमणी. ती शेगडी पेटवायच्या चार-पाच मिनिटं आधी लावा, म्हणजे हवेची वाट आधीच चालू झालेली असते, आणि गॅस बंद केल्यावर 10-15 मिनिटं मध्यम वेगावर चालू राहू द्या. मग ती बंद करून एक्झॉस्ट लावा. छताखाली साठलेली गरम दमट हवा आणि कुकरची वाफ हे त्याचं काम आहे, त्यासाठीच तो उंच बसवायचा असतो. अर्धा तास पुरे.

एक्झॉस्टची जागा बदलणं तुमच्या घरात अवघड आहे, कारण बाहेरची भिंत तेवढी एकच. मग त्याला बाहेरून आपोआप मिटणारं झाकण लावा. बाजारात त्याला लुव्हर शटर म्हणतात. पंखा फिरला की पट्ट्या उघडतात, थांबला की मिटतात. पंख्याच्या मापाचंच घ्या, आणि वर्षातून दोनदा तेल पुसून पट्ट्या सैल आहेत ना ते बघा. तेलानं चिकटलेलं शटर अर्धं उघडं राहतं आणि मग असून नसल्यासारखं होतं. नवं घर बांधताना किंवा ओटा फोडताना कुणी मला विचारलं, तर मी एक्झॉस्ट आणि चिमणीचं तोंड शक्य तेवढं लांब ठेवायला सांगते, आणि हवा आत येणारी खिडकी दोन्हींपासून लांब, समोरच्या बाजूला.

राहिला पाइप. लॉफ्टमधून फिरवलाय म्हणजे किमान तीन वळणं असणार आणि लांबी 10-12 फूट. लॉफ्टचं दार उघडून टॉर्च लावून बघा. मला तिथं तीन गोष्टींची धास्ती आहे.

पहिली म्हणजे मापाची. चिमणीचं तोंड सहा इंच असतं. तावदानात किंवा ग्रिलच्या गजांमध्ये सहा इंच बसत नाहीत म्हणून फिटर शेवटच्या टप्प्यात चार इंचांचा पाइप जोडतो. सहाचे चार झाले तर थोडंच कमी झालं असं वाटतं. पण वर्तुळाचं क्षेत्रफळ धरा: सहा इंचांच्या पाइपचं सुमारे 28 चौरस इंच, चार इंचांचं साडेबारा. निम्म्याहूनही कमी. तेवढीच हवा त्यातून जायची तर वेग सव्वादोनपट व्हायला हवा, आणि त्यासाठी लागणारा दाब पाचपटीहून जास्त. तेवढा दाब घरगुती चिमणीत नसतो, म्हणून हवा कमी जाते आणि आवाज मात्र वाढतो. दुकानदाराची 1500 ची चिमणी याच चार इंचांतून श्वास घेणार असेल तर ती आत्ताच्या चिमणीहून फार वेगळं काही करणार नाही, फक्त जास्त ओरडेल.

दुसरी, अॅल्युमिनियमचा घडीचा पाइप. तो अर्धवट ताणलेला असला की आत घड्या तशाच राहतात, हवा अडखळते आणि प्रत्येक घडीत तेल साचतं. तो पूर्ण ताणून, जास्तीची लांबी कापून टाकायला हवी. त्याहून चांगलं म्हणजे आतून गुळगुळीत असलेला कडक पाइप. आणि काटकोनातल्या एका एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन, मधे थोडं अंतर ठेवून. पाइपला बाहेरच्या दिशेनं किंचित उतार हवा, नाहीतर पावसाचं पाणी आणि तेल उलटं चिमणीत येतं.

तिसरी गोष्ट मी स्वतःच्या घरात भोगली आहे. चिमणीच्या तोंडावर, पाइप जोडतात तिथं, एक पातळ झडप असते. फॅन चालू झाला की उघडते, बंद झाला की मिटते, म्हणजे बाहेरचा वास आणि वारा आत येत नाही. प्रवासात ती हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावून पाठवतात. आमच्याकडे बसवणाऱ्यानं पट्टी काढलीच नाही. आठ महिने आम्ही जाळी धुतली, सर्व्हिसिंग केलं, माणसं बदलली. शेवटी रंगकामासाठी पाइप सोडवला तेव्हा ती पट्टी सापडली. तुमचा पाइप उघडाल तेव्हा झडपेला बोट लावून ती सहज हलते का ते बघा, आणि पाइप जोडताना आत शिरलेल्या स्क्रूला ती अडत नाही ना तेही.

माझ्या मते तुमच्या घरात करायचं काम असं. चिमणीच्या माथ्यापासून पाइप लॉफ्टमध्ये न फिरवता भिंतीलगत सरळ खिडकीकडे न्या. त्यासाठी लॉफ्टच्या बाजूच्या फळीला सुताराकडून एक गोल भोक पाडावं लागेल, तेवढंच. लांबी 12 फुटांवरून 5-6 फुटांवर येईल, वळणं दोनच राहतील. तावदानाची काच काढून तिथं अॅक्रिलिकचं किंवा एसीपीचं पान बसवा, त्यात सहा इंचांचं भोक. ग्रिलचा एखादा गज आड येत असेल तर फॅब्रिकेटर तो वळवून देतो, पण त्यासाठी पाइप बारीक करू देऊ नका. बाहेर काउल, म्हणजे पाइपाच्या टोकाची टोपी लावा, तोंड खाली किंवा बाजूला वळलेलं, म्हणजे पश्चिमेचा वारा थेट पाइपात शिरणार नाही. त्याच्या आत मच्छरजाळी लावायचा मोह टाळा. दोन महिन्यांत ती तेलानं बुजते आणि वरून दिसतही नाही. बाहेरच्या भिंतीवर काही लावायचं तर सोसायटीला आधी कळवा. आणि कुणी स्वस्तात पाइप इमारतीच्या डक्टमध्ये किंवा ड्राय बाल्कनीत सोडून देतो म्हणाला तर नको म्हणा. डक्टमधला धूर वरच्या मजल्यांच्या बाथरूममध्ये जातो आणि ड्राय बाल्कनीतला तुमच्याच कपड्यांना लागतो.

चिमणीची उंची खाली आणावीच लागेल. तीन फूट फार झाले. कढईतून निघालेला धूर वर जाताना पसरत जातो, आणि तीन फुटांवर पोहोचेपर्यंत तो 60 सेंटिमीटरच्या चिमणीहून रुंद झालेला असतो. बहुतेक माहितीपुस्तिकांत साधारण 26 ते 30 इंच सांगितलेलं असतं. तुमच्या चिमणीच्या पुस्तिकेत गॅससाठी दिलेली किमान उंची बघा, त्याच्या खाली जाऊ नका, कारण ज्योत आणि जाळीतलं तेल जवळ आणायचं नसतं. तुमच्या ह्यांच्या डोक्यासाठी 30 इंचांवर ठेवा. उंच माणसाला पुढच्या बर्नरवर वाकताना कपाळाशी कड येते ती सरळ चपट्या चिमणीत. खालचा भाग तिरपा असलेली चिमणी असती तर हा प्रश्न आला नसता. पुढे कधी चिमणी घ्यायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा.

तीन बर्नरची शेगडी बहुतेक वेळा 60 सेंटिमीटरहून रुंद असते, म्हणजे दोन्ही कडेचे बर्नर चिमणीच्या सावलीबाहेर पडतात. तुमची मोजून बघा. तोपर्यंत बोंबील, पापलेट, सुकट, ठेच्याच्या मिरच्या, जे जे ठसका देतं ते मधल्या किंवा मागच्या बर्नरवर करा. कडेच्या बर्नरवर दूध, भात, वरण. तव्यावर तेल धूर सोडेपर्यंत तापू देऊ नका, कारण तो निळसर धूरच पडद्यात सगळ्यात जास्त मुरतो.

जाळी दर पंधरा दिवसांनी, तळण जास्त असेल तर आठवड्यानं, गरम पाण्यात भांड्याचा साबण आणि मूठभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवून धुवा. जाळी अॅल्युमिनियमची असेल तर सोडा नको, ती काळी पडते. तुमची चिमणी ऑटो क्लीनची, बिनजाळीची असेल तर तेल खालच्या कपात जमतं. तो कप भरून वाहण्याच्या आत रिकामा करा. याहून जास्त या विषयात काही नाही. जाळी स्वच्छ असूनही वास येत असेल तर दोष जाळीत शोधू नका.

आणखी एक सांगून ठेवते, कारण चिमणीची सवय लागली की हात आपोआप तिकडे जातो. गॅसचा वास आला तर चिमणी किंवा एक्झॉस्ट लावायचा नाही. बटणात ठिणगी पडते. शेगडीचा आणि सिलिंडरचा नॉब बंद करा, दारं-खिडक्या सगळ्या उघडा आणि बाहेर या. सिलिंडरमधला गॅस हवेहून जड असतो आणि जमिनीलगत साठतो, पाइपगॅस हलका असतो आणि छताकडे जातो. दोन्हींसाठी नुसती उघडलेली दारं-खिडक्याच बऱ्या.

काम या क्रमानं करा. गिझरचा नियम आजपासून. त्याच संध्याकाळी मोरीत तांब्याभर पाणी ओता आणि दार-खिडक्यांची नवी मांडणी सुरू करा, तिला एक पैसा लागत नाही. आठवडाभर ते करून बघा. मला वाटतं अर्ध्याहून अधिक वास तेवढ्यानंच जाईल. मग लुव्हर, मग पाइप आणि त्याच फेरीत चिमणीची उंची, म्हणजे फिटरला दोनदा बोलवावं लागणार नाही. पाइप उघडेल तेव्हा समोर उभ्या राहा आणि कुठंही चार इंच दिसले तर काम थांबवा.

हे सगळं झाल्यावर पुन्हा एकेका बर्नरवर पातेल्यात पाणी उकळा. वाफ मधल्या आणि मागच्या बर्नरवरून नीट आत गेली, पण कडेच्यावरून निसटली, तर दोष रुंदीचा आहे आणि मग 90 सेंटिमीटरची चिमणी घेणं योग्य ठरेल. खोक्यावर 1200 असलं तरी चालेल. दुकानदाराला आकडा विचारू नका, रुंदी विचारा आणि तोंड सहा इंचांचं आहे ना ते विचारा.